बटणाला बोट लागलं आणि पिन मेली

जानेवारीत निपाणी-चिकोडीकडची हवा कोरडी पडते, रात्री स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. बेळगावच्या उद्यमबागेत आम्ही शेतातल्या मोटरींचे टायमर बनवतो. पावसाळ्यात एकही तक्रार नव्हती, आणि थंडीत मात्र बोर्ड परत येऊ लागले. बटण दाबलं तरी काही होईना. मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून बटणाची पिन ग्राउंडशी तपासली, तर चांगल्या बोर्डवर 0.6 व्होल्टच्या आसपास दिसायचं, या बोर्डांवर जवळजवळ शून्य. चिपची पिन आतून शॉर्ट झाली होती.

मारेकरी म्हणजे कोरड्या हवेत स्थिर विजेनं भारलेलं माणसाचं बोट. चाचणीच्या मानकात (IEC 61000-4-2) माणसाऐवजी 150 पिकोफॅरडचा कपॅसिटर 8 किलोव्होल्टला भरून 330 ओहममधून सोडतात. ऊर्जा जेमतेम 5 मिलिज्यूल, पण एका नॅनोसेकंदाच्या आत प्रवाह 30 अँपिअरवर जातो.

हा झटका अडवायला बटणाच्या पिनेवर टीव्हीएस डायोड बसवतात, सिग्नल आणि ग्राउंड यांच्यामध्ये, उलटा. एरवी तो गप्प असतो. व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की आतलं जंक्शन अॅव्हलांच होऊन वाहू लागतं आणि प्रवाह चिपकडे न जाता ग्राउंडला जातो.

आमच्या बोर्डवर तो होता की! पण ड्रॉवरमध्ये मिळाला म्हणून SMAJ12A लावलेला. त्याचं क्लॅम्पिंग, म्हणजे झटक्यात व्होल्टेज तो जिथं रोखून धरतो ती पातळी, सुमारे 20 व्होल्ट. म्हणजे 5 व्होल्टच्या पिनेवर तो 20 व्होल्टपर्यंत येऊ देतो. डायोड ठणठणीत, चिप गेली.

निवड दोन टोकांकडून करायची. डायोडचं स्टँडऑफ व्होल्टेज, म्हणजे जिथपर्यंत तो गप्प राहतो ते, नेहमीच्या सिग्नलपेक्षा कमी नको, नाहीतर तो रोजच वाहील आणि तापेल. क्लॅम्पिंग शक्य तितकं खाली हवं. म्हणून SMAJ5.0A घेतला: तो 6.4 ते 7 व्होल्टला उघडतो, आणि 43.5 अँपिअरला 9.2 व्होल्टवर थांबवतो. त्याची एक खोड आहे, 5 व्होल्टला तो 0.8 मिलिअँपिअरपर्यंत गळू शकतो. पिनेला 5 व्होल्टकडे ओढून धरणारा पुलअप रेझिस्टर 10 किलोओहमचा असेल तर बटण न दाबताच दाबल्यासारखं वाटेल. आम्ही तो 1 किलोओहमवर आणला.

पण 9 व्होल्टही चिपला जास्तच, तिची मर्यादा 5.5 च्या आसपास. म्हणून टीव्हीएसच्या पुढे, चिपच्या बाजूला, 1 किलोओहमचा रेझिस्टर. उरलेले साडेतीन व्होल्ट त्यातून फक्त साडेतीन मिलिअँपिअर ढकलतात, तेवढा चिपच्या आतला डायोड सहज पचवतो.

तरीही पहिल्या फेरीत एक बोर्ड मेलाच. डायोडपासून ग्राउंडपर्यंतचा ट्रॅक 10 मिलिमीटर लांब होता. ट्रॅकचं इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहाच्या बदलाला होणारा विरोध, दर मिलिमीटरला साधारण 1 नॅनोहेन्री धरा. 30 अँपिअर एका नॅनोसेकंदात चढले की त्या ट्रॅकवरच 300 व्होल्ट उभे राहतात, डायोड कितीही चांगला असो. आता डायोड कनेक्टरला चिकटून बसतो आणि ग्राउंडला थेट दोन व्हायांनी, म्हणजे बोर्डच्या थरांना जोडणाऱ्या छिद्रांनी, जातो.