तीन लोगो, सात मतं: गुणतक्त्यावरून निवड कशी करावी

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे लोगो करून घेणाऱ्या अनेक संस्थांमध्ये निर्णय समितीचा असतो. बचत गटांचा संघ असो, बागायतदारांची सहकारी संस्था असो, आम्ही तीन वेगळ्या दिशांचे आराखडे समोर ठेवतो आणि बैठक तिथेच अडते. मग हात वर करून मोजणी होते, नाहीतर अध्यक्षांना भावला तो ठरतो. अशा मोजणीतून कोणाला काय आवडलं ते कळतं, पण लोगोत काय कमी आहे ते कळत नाही. म्हणून आम्ही गुणतक्ता भरायला सांगतो. सिंधुदुर्गातल्या कोकम सरबत करणाऱ्या एका महिला संघाच्या कामावरून तो कसा भरायचा ते पाहू. समितीत सात जणी होत्या.

पहिली बैठक आराखडे न दाखवता घ्यायची. यावर आम्ही अडून बसतो. एकदा चित्रं पाहिली की प्रत्येक जण आपल्या आवडत्या लोगोला सोयीचे निकष सुचवू लागतो, तेही नकळत. या बैठकीत फक्त दोन गोष्टी ठरतात: लोगोने काय काम करायचं आहे, आणि त्यातलं कोणतं काम किती महत्त्वाचं आहे. या संघाने चार निकष ठरवले. दुकानाच्या फळीवर सहा फुटांवरून नाव वाचता आलं पाहिजे. खोक्यावर आणि शिक्क्यावर एका रंगात नीट उठलं पाहिजे. शेजारच्या बाटल्यांत वेगळं दिसलं पाहिजे. आणि उद्या फणसपोळी किंवा काजूगर सुरू केले तर त्यांनाही चाललं पाहिजे.

महत्त्व ठरवायला प्रत्येकीला वीस चिंचोके दिले आणि चार वाट्या मांडल्या. एक चिंचोका म्हणजे पाच गुण, म्हणजे एकूण शंभर. जिला जे काम मोठं वाटतं त्या वाटीत जास्त चिंचोके टाकायचे. सातही जणींची सरासरी काढून ती पाचाच्या पटीत आणली, तेव्हा वाचनाला ३५, छपाईला २५, वेगळेपणाला २५ आणि पुढच्या उत्पादनांना १५ असं वजन आलं. या कागदावर त्याच दिवशी सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

निकष ठरवताना एक गफलत सहज होते. "वाचायला सोपा" आणि "लांबून स्पष्ट" असे दोन निकष वेगळे लिहिले, तर एकाच गुणाला दोनदा वजन मिळतं आणि मोठ्या अक्षरांचा लोगो आपोआप पुढे जातो. एका निकषात चांगला ठरणारा लोगो दुसऱ्यातही हमखास चांगलाच ठरणार असेल, तर ते दोन्ही एकच समजा. "आवडला" हा निकष आम्ही घेत नाही. आवड इतर गुणांमध्ये आधीच उतरलेली असते.

ट्रेडमार्कचा विषयही तक्त्यात नसतो. नोंदणी झालेल्या एखाद्या चिन्हाशी आराखडा जुळत असेल, तर तो गुण न देताच बाद. त्याला बाकीच्या निकषांत कितीही चांगले गुण मिळाले तरी उपयोग नाही. सरबतासाठी वर्ग ३२ आणि काजूगरासारख्या मालासाठी वर्ग २९ यांत शोध घेऊनच आम्ही आराखडे पुढे आणतो.

दुसऱ्या बैठकीत तीन आराखडे मांडले. "अ" मध्ये कोकमाच्या फळाचं बारकाव्यांचं चित्र, "ब" मध्ये नुसती ठसठशीत देवनागरी अक्षरं, "क" मध्ये शिडाचं गलबत आणि खाली नाव. गुण १ ते ५. आकड्यांचा अर्थ आधी लिहून ठेवायचा: वाचनासाठी १ म्हणजे वाचताच येत नाही, ३ म्हणजे थांबून वाचावं लागतं, ५ म्हणजे नजर पडताच वाचलं. हे गुण प्रत्येकीने न बोलता आपापल्या कागदावर लिहायचे. अध्यक्ष आधी बोलल्या की बाकीचे आकडे त्यांच्याकडे झुकतात.

"क" च्या वाचनाला गुण आले ५, ५, ५, ४, २, २, २. सरासरी साडेतीनच्या थोडी वर, म्हणजे वरवर पाहता ठीक. पण आकडे असे दोन टोकांना गेले की सरासरी पुढे नेऊ नका, आधी कारण विचारा. इथे चौघींनी आराखडा मोबाइलवर पाहिला होता आणि तिघींनी बाटलीला चिकटवलेला कागद पाहिला होता. मग सगळ्यांनी बाटली फळीवर ठेवून सहा फुटांवरून पाहिली. नवे गुण २ ते ४ मध्ये आले, सरासरी ३. छपाईसाठीही तसंच: आराखडा १५ मिलिमीटर रुंदीत काळ्या रंगात छापून त्याची झेरॉक्स काढली. "अ" मधल्या बारीक रेघा तिथेच एकमेकींत मिसळल्या. पुठ्ठ्याच्या खोक्यावर शाई पसरते, तिथे याहून वाईट होणार.

| निकष | वजन | अ | ब | क |
|---|---|---|---|---|
| वाचन | ३५ | ३ | ५ | ३ |
| एका रंगात छपाई | २५ | २ | ४ | ४ |
| वेगळेपण | २५ | २ | २ | ५ |
| पुढची उत्पादनं | १५ | १ | ४ | ५ |
| एकूण (५०० पैकी) | | २२० | ३८५ | ४०५ |

प्रत्येक गुणाला त्या ओळीच्या वजनाने गुणायचं आणि बेरीज करायची. "ब" साठी ३५ गुणिले ५ म्हणजे १७५, मग १००, ५० आणि ६०. "अ" मागे का पडला ते ओळींवरूनच दिसतं. त्या फळीवरच्या बहुतेक बाटल्यांवर कोकमाचं फळच आहे, आणि फळाचं चित्र काजूगराच्या पाकिटावर चालत नाही.

"क" वीस गुणांनी पुढे आहे म्हणून टाळ्या वाजवून बैठक संपवायची घाई होते. तिथे थांबा आणि वजन थोडं हलवून पाहा. वाचनाला ३५ ऐवजी ४० आणि वेगळेपणाला २५ ऐवजी २० दिले, तर "ब" ४०० आणि "क" ३९५. फक्त पाच गुण इकडचे तिकडे केले आणि पहिला नंबर बदलला. वजनं मुळात चिंचोक्यांच्या सरासरीतून आलेली, त्यांत पाचाचा फरक सहज असू शकतो. म्हणजे "ब" आणि "क" बरोबरीतच आहेत असं धरायचं. तक्त्याने इथवर दोन कामं केली: "अ" वरचा वाद मिटवला, आणि उरलेल्या दोघांत नेमका पेच वाचन विरुद्ध वेगळेपण असा आहे हे दाखवलं.

या टप्प्यावर "गलबत घ्या, ब ची अक्षरं घ्या आणि कोपऱ्यात एक कोकम टाका" अशी सूचना हमखास येते. ती कृपया नको. असा चौथा लोगो कुठल्याच निकषावर तपासलेला नसतो, आणि तीन गोष्टी एकत्र आल्या की छोट्या आकारात त्यांतली एकही धड दिसत नाही. त्याऐवजी पुढे असलेल्या आराखड्याची सर्वांत कमकुवत ओळ आम्हाला सांगा. आम्ही "क" मधलं गलबत लहान केलं, नावाची अक्षरं जाड आणि मोठी केली, बाकी काही हलवलं नाही. मग बाटली पुन्हा फळीवर ठेवून फक्त वाचनाचे गुण नव्याने घेतले. सरासरी ४ आली आणि एकूण ४४० झाले. वाचनाला ४५ आणि वेगळेपणाला १५ इतकं वजन सरकवलं तरी "क" ४३० आणि "ब" ४१५. निवड टिकली.

बेरजेच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. एखाद्या ओळीत दोनपेक्षा कमी गुण असतील, तर एकूण बेरीज मोठी असली तरी तो आराखडा तसाच पुढे नेऊ नका. छपाईत १ मिळालेला लोगो वेगळेपणाच्या ५ ने खोक्यावर नीट उठणार नाही. आणि तिन्ही आराखडे ३०० च्या खाली राहिले तर त्यांतला बरा निवडू नका, आम्हाला परत पाठवा. तेव्हा आमची समज चुकलेली असते.

भरलेला तक्ता, सह्या केलेला वजनांचा कागद आणि सातही जणींचे मूळ गुण ठरावासोबत इतिवृत्ताला जोडून ठेवा. समिती बदलली आणि नव्या सदस्यांनी लोगोबद्दल विचारलं, तर त्यांना हेच कागद दाखवता येतील.