एक्स-रेत जन्मतारीख दिसते का?

“मनगटाचा एक्स-रे काढला की बाळाची खरी जन्मतारीख कळते, दत्तक मुलाच्या दाखल्यावर तीच असते.”

एक्स-रेत हाडांची वाढ दिसते, तारीख नाही. समजा, मुंबईत एक मुलगी कागदांविना सापडली. आठ दात, धरून उभी राहते, टाळू अजून भरलेली नाही. डॉक्टर लिहितात, ‘अंदाजे १२ ते १५ महिने’. तपासणीच्या दिवसापासून मागे मोजून एक तारीख ठरते. पुढे दत्तक आदेशात आणि दाखल्यावर तीच येते. कायदा तिलाच खरी मानतो. मात्र कुपोषणाने दात आणि हाडं मागे पडतात, त्यामुळे लेक प्रत्यक्षात काही महिन्यांनी मोठी असू शकते. पडताळायचं तर फाइलमधला वैद्यकीय अहवाल काढा आणि ‘अंदाजे’ हा शब्द शोधा.