कवडसा आणि कोमोरेबी

‘कोमोरेबी’ या जपानी शब्दाचा अर्थ सांगायला गेलं की मराठी माणसाच्या तोंडी चटकन ‘कवडसा’ येतो. झाडाच्या पानांतून खाली उतरलेलं ऊन, म्हणजे कवडसेच की! तरीही जपानीतून भाषांतर करणारे हा शब्द पुष्कळदा आहे तसाच ठेवतात, आणि त्यामागे नुसती परक्या शब्दाची हौस नसते. दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहिले की अडचण नेमकी कुठे आहे ते दिसतं.

कोमोरेबी तीन तुकड्यांचा आहे. ‘को’ म्हणजे झाड. झाडाला जपानीत एरवी ‘की’ म्हणतात, पण जुन्या समासांत त्याचा ‘को’ होतो. झाडाच्या सावलीला ‘कोकागे’ म्हणतात तेही त्यातूनच. ‘मोरे’ हे ‘मोरेरू’ या क्रियापदाचं रूप, म्हणजे गळणं, पाझरणं. शेवटचा ‘बी’ मूळचा ‘ही’, म्हणजे सूर्य किंवा ऊन. समासात आला की ‘ह’चा ‘ब’ होतो. झाडातून गळणारं ऊन, इतका सरळ अर्थ. यातलं ‘मोरे’ काही काव्यासाठी राखून ठेवलेलं नाही. छपरातून पावसाचं पाणी गळतं त्याला जपानीत ‘आमामोरी’ म्हणतात, त्यातही हेच गळणं आहे आणि चित्रलिपीतलं अक्षरही तेच. वायूची गळती किंवा गुपित फुटणं सांगतानाही हेच क्रियापद येतं.

आता कवडसा. ऊन कशातून आलं याच्याशी या शब्दाला काही देणंघेणं नाही. कौलांतली फट, दाराची चीर, खिडकीची झडप, कुठूनही आलेला उजेडाचा तुकडा कवडसाच. पोरं आरशाने भिंतीवर पाडतात तोही कवडसा, आणि तिथे तर ऊन कशातूनच गळलेलं नसतं. शिवाय कवडसा मोजता येतो: एक कवडसा, चार कवडसे. त्याला जमीन किंवा भिंत लागते, कारण बहुतेक वेळा आपण तो जिथे पडला तिथेच पाहतो. कोमोरेबी मोजत नाहीत. जपानी माणूस ‘कोमोरेबीमधून चालतो’, जसे आपण उन्हातून किंवा चांदण्यातून चालतो. वर पाहिलं तर पानांच्या फटींत चमकतं ते, अंगावर पडतं ते आणि वाटेवर सांडलेलं असतं ते, सगळं मिळून एकच कोमोरेबी.

गंमत अशी की भौतिकशास्त्राच्या दृष्टीने दोघांत काही फरक नाही. पानांमधली फट तिरकी, फाटकी, कशीही असली तरी पुरेशी लहान असेल तर जमिनीवरचा ठिपका गोल किंवा लंबगोल पडतो, कारण ती फट सूर्याची प्रतिमाच खाली उतरवत असते. फटीपासून ठिपक्यापर्यंतच्या अंतराला साधारण १०८ने भागलं की ठिपक्याची रुंदी मिळते. दहा मीटर लांबवरून आलेल्या उन्हाचा ठिपका साधारण नऊ सेंटिमीटरचा, तर कौलातून तीन मीटर खाली आलेला कवडसा तीन सेंटिमीटरच्या आतबाहेर. २६ डिसेंबर २०१९च्या सकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसलं, तेव्हा झाडांखालचे ठिपके चंद्रकोरीसारखे पडले होते ते याच कारणाने.

फरक पडतो तो हालचालीत. कौलातली फट जागची हलत नाही. कवडसा सरकतो तो फक्त सूर्य सरकतो म्हणून, आणि स्वतःच्या रुंदीइतका सरकायला त्याला सुमारे दोन मिनिटं लागतात. पूर्वी घरात कवडसा कुठवर आला यावरून वेळ ओळखता यायची ती या संथपणामुळेच. पानांतल्या फटी मात्र वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेबरोबर उघडतात आणि मिटतात. एक ठिपका विझतो, शेजारी दुसरा लागतो, दोन एकमेकांत मिसळतात. ‘कोमोरेबी हलत होतं’ असं जपानी लेखक लिहितो तेव्हा त्याच्या वाचकाला हे सगळं दिसतं. आपण ‘कवडसे हलत होते’ लिहिलं तर वाचकाच्या डोळ्यांपुढे झाड येईलच याची खात्री नाही. कदाचित कुणी आरसा हलवतंय असंही वाटेल.

मग ‘पानांतून झिरपणारं ऊन’ म्हणावं का? मला हा मराठी पर्याय मनापासून आवडतो. झिरपणं हे पाण्याचं क्रियापद इथे अगदी चपखल बसतं आणि ‘मोरेरू’च्या फार जवळ जातं. म्हणजे अर्थ मराठीत येत नाही असं मुळीच नाही. अडतं ते लांबीपाशी. जपानीत तो एक शब्द असतो, वाक्यात सहज येऊन जाणारा. मराठीत तीन शब्द होतात, आणि तीन शब्दांचं वर्णन आलं की वाचक थांबून पाहतो. एकदा चालतं. पण एकाच पानावर तो शब्द चारदा आला, तर चार वेळा झिरपणारं ऊन वाचकाला जड होतं, आणि मूळ लेखकाने जिथे जोर दिलाच नव्हता तिथे तो पडतो. जपानीत हा शब्द दुर्मीळ नाही. बागांना आणि वृद्धाश्रमांनाही ‘कोमोरेबी’ नाव दिलेलं आढळतं.

दुसरी अडचण शब्दाच्या अलीकडच्या प्रसिद्धीतून आली आहे. विम वेंडर्सच्या २०२३ सालच्या ‘परफेक्ट डेज’ या चित्रपटाच्या अगदी शेवटी कोमोरेबीचा अर्थ पडद्यावर येतो. त्यात ऊन आणि सावली दोन्ही आहेत, वाऱ्याने हलणारी पानं आहेत आणि हे दृश्य त्या क्षणापुरतंच असतं हेही सांगितलं आहे. जपानी शब्दकोशांत इतकं नसतं. फांद्यापानांमधून येणारं ऊन, एवढाच अर्थ तिथे दिलेला असतो. सावलीला वेगळा शब्द आहेच, वर आलेला ‘कोकागे’. त्यामुळे आज कुणी हा शब्द वापरला की त्याला शब्दकोशातलं साधं ऊन म्हणायचंय की क्षणभंगुरतेचं सगळं ओझं, हे आधी ठरवावं लागतं. कोमोरेबी तसाच ठेवला की हा निर्णय वाचकावर सोडता येतो, आणि मला वाटतं अनेक भाषांतरकार तो ठेवतात यामागे हे मोठं कारण आहे.

पण हे ओझं निव्वळ नवं आहे असंही म्हणवत नाही. दहाव्या शतकाच्या आरंभी संकलित झालेल्या ‘कोकिनश्यू’ या काव्यसंग्रहात एका अनामिक कवीची ओळ आहे: झाडांमधून गळत येणारा चंद्राचा प्रकाश पाहिला की मनाला झिजवणारा शरद आला हे कळतं. गळण्याचं क्रियापद इथेही आहे, फक्त उन्हाच्या जागी चंद्र आहे. आणि प्रकाशासाठी कवीने शब्द वापरलाय ‘कागे’, ज्याचा आज रूढ अर्थ सावली. जुन्या जपानीत तो एकच शब्द उजेडालाही चालायचा आणि त्याने पाडलेल्या सावलीलाही.

मराठीत करायचं झालं तर मी ठिकाण पाहून ठरवेन. पात्र नुसतं बागेतून चाललं असेल तर ‘पानांतून झिरपणाऱ्या उन्हातून ती चालत होती’ पुरेसं आहे. नजर जमिनीवर असेल आणि झाडाचा उल्लेख आधीच्या वाक्यात येऊन गेला असेल, तर ‘कवडसे’ बिनधास्त वापरावा. तिथे गोंधळ होत नाही आणि मराठीला स्वतःचा शब्द मिळतो. पात्र त्या शब्दाविषयीच बोलत असेल, मुलीचं किंवा दुकानाचं नाव म्हणून तो आला असेल, तर मात्र कोमोरेबी कोमोरेबीच राहू द्यावा आणि पहिल्यांदा येईल तेव्हा वाक्याच्या ओघातच एखादं झाड जवळ उभं करावं. तळटीप नको.