ब्रॅकेट ऑर्डर आणि ओसीओ: एंट्री कुणाच्या पोटात?

ब्रॅकेट ऑर्डर आणि ओसीओ, म्हणजे ‘वन कॅन्सल्स द अदर’, पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात: वर नफ्याचं टार्गेट, खाली तोटा थांबवणारा स्टॉपलॉस, एक लागलं की दुसरं आपोआप रद्द. पण ब्रॅकेटमध्ये तीन ऑर्डरी असतात, ओसीओमध्ये दोन. ब्रॅकेटमधली जास्तीची ऑर्डर म्हणजे एंट्री, सौद्यात शिरायची ऑर्डर. ती भरेपर्यंत बाकीच्या दोन निष्क्रिय पडून असतात. ओसीओच्या दोन्ही ऑर्डरी मात्र टाकल्या क्षणापासून चालू असतात. तुमच्याकडे पोझिशन आहे की नाही, हे त्या सहसा बघत नाहीत.

समजा भाव 252 आहे आणि तुम्हाला 250 ला 100 शेअर घ्यायचेत. टार्गेट 262, स्टॉपलॉस 244. ब्रॅकेट टाकली आणि भाव खाली न येताच 262 ला गेला, तर काहीच होत नाही. खरेदी झाली नाही, म्हणून विक्रीही नाही. पण खरेदीची लिमिट ऑर्डर वेगळी आणि विक्रीची ओसीओ वेगळी टाकली असेल, तर 262 ला तुमच्याकडे नसलेले 100 शेअर विकले जातील. शॉर्ट करता येतं अशा खात्यात तुम्ही नकळत शॉर्ट होता, आणि तेही स्टॉपलॉसशिवाय: जोडीतली 244 ची ऑर्डर तेव्हाच रद्द झालेली असते, आणि असती तरी ती विक्रीचीच, शॉर्टला वाचवणारी नाही. म्हणून ओसीओ लावायची ती आधीपासून हातात असलेल्या मालावर. रेंजच्या वर खरेदीचा आणि खाली विक्रीचा स्टॉप लावून, जिकडे भाव फुटेल तिकडे शिरायचं असेल तरही ओसीओच लागते. ते काम एकट्या ब्रॅकेटचं नाही.

ब्रॅकेटची खरी परीक्षा अर्धवट भरलेल्या एंट्रीत होते. 100 पैकी 60 च मिळाले, तर चांगली प्रणाली टार्गेट आणि स्टॉपलॉस 60 चेच ठेवते आणि पुढचे शेअर मिळतील तसे वाढवते. काही प्रणाली पूर्ण एंट्री भरेपर्यंत थांबतात. तोवर ते 60 उघडे असतात, आणि भाव घसरला तर थांबवणारं कुणी नसतं. आपल्या ब्रोकरकडे काय होतं ते ऑर्डर बुकात कळतं: एंट्री अर्धवट असताना स्टॉपलॉसची संख्या भरलेल्या संख्येइतकी दिसायला हवी.

सगळ्यात जास्त फटका मात्र हाताने बाहेर पडताना बसतो. ओसीओ चालू असताना 255 ला वेगळी विक्री करून मोकळं झालात, तरी 244 चा स्टॉप बसलेलाच राहतो. तासाभराने भाव तिथे आला की पुन्हा 100 ची विक्री. आधी जोडी रद्द करा, रद्द झाल्याची खात्री करा, मगच विका. किंवा टार्गेटची लिमिटच चालू भावाला आणा. ती भरली की स्टॉप आपोआप रद्द होतो, आणि मधल्या काळात पोझिशन स्टॉपलॉसशिवाय राहत नाही.