नोंद पोचली, पोचपावती राहिली

तुर्भ्याला एपीएमसीच्या आसपासच्या कोल्ड स्टोरेजमध्ये फोन घेऊन शिरलं आणि मागे दार लागलं, की रेंज जाते. दोष मोबाइल कंपनीचा नाही. खोलीच्या भिंती म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे भरलेला पफ. तो फेस बाहेरची उष्णता अडवतो आणि पत्रे रेडिओलहरी अडवतात. माल नीट राहावा म्हणून केलेली ही रचना मालाची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या मुळावर येते. नोंद करायची वेळ नेमकी तीच असते, जेव्हा इंटरनेट नसतं.

यावर उपाय ठाऊक असलेला आहे. नोंद आधी फोनमधल्या डेटाबेसमध्ये लिहायची आणि रेंज आली की सर्व्हरला पाठवायची. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींत एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आधीपासून असतो, सगळा हिशेब एका फाइलमध्ये मावतो. हा भाग सोपा आहे. खरी फजिती होते ती रेंज परत आल्यावर. ती कशी होते, हे एकाच लॉटचा हिशेब शेवटपर्यंत धरून पाहू.

K-27 हा सफरचंदांचा लॉट. सकाळी ७ वाजता शिल्लक १४० पेट्या, त्या दोन खोल्यांत रचलेल्या. दोन्ही खोल्यांतल्या माणसांच्या फोनवर १४० दिसतंय. पहिल्या खोलीतून १२ पेट्या निघाल्या, त्या फोनने १४० चे १२८ केले. दुसऱ्या खोलीतून ५ निघाल्या, त्या फोनने १४० चे १३५ केले. दोघेही धक्क्यावर आले, रेंज मिळाली. पहिल्या फोनने सर्व्हरवर १२८ लिहिलं, पाठोपाठ दुसऱ्याने त्यावर १३५ लिहिलं. खोल्यांत प्रत्यक्षात १२३ पेट्या आहेत. अ‍ॅप म्हणतंय १३५. संध्याकाळी मोजणीत १२ पेट्या कमी भरतात आणि संशय माथाडी कामगारांवर जातो. चूक मात्र अ‍ॅपची आहे.

बरेच जण इथे 'ज्याची वेळ नंतरची, त्याची नोंद खरी' असा नियम लावतात. ग्राहकाचा पत्ता बदलण्यासारख्या कामात तो चालून जातो. पेट्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही नोंदी खऱ्या आहेत आणि एक टाकून देणं म्हणजे एक खरी घटना पुसणं. त्यात फोनची घड्याळं एकमेकांशी जुळतीलच असं नाही. कोणी हाताने वेळ बदललेली असली, तर 'नंतरची' या शब्दालाच अर्थ राहत नाही.

जुन्या पेढीवरच्या दिवाणजींना याचं उत्तर माहीत होतं. रोजकीर्दीत प्रत्येक व्यवहार जसा घडला तसा लिहायचा. शिल्लक त्यातून काढायची, ती हाताने बदलायची नाही. डेटाबेसमध्येही नेमकं हेच करायचं. 'शिल्लक १२८' असं न लिहिता 'K-27 मधून १२ गेल्या' असं लिहायचं.

```sql
CREATE TABLE movement (
  id      TEXT PRIMARY KEY,
  lot     TEXT NOT NULL,
  qty     INTEGER NOT NULL,
  made_at TEXT NOT NULL,
  seq     INTEGER
);
SELECT SUM(qty) FROM movement WHERE lot = 'K-27';
```

आवक अधिक, जावक उणे. १४०, -१२ आणि -५ यांची बेरीज १२३, मग नोंदी कोणत्याही क्रमाने पोचोत. बेरजेला क्रम लागत नाही, या साध्या गोष्टीवर सगळी इमारत उभी आहे. `made_at` ही फोनची वेळ फक्त माणसाने वाचायला ठेवायची, तिच्यावर कोणताही निर्णय सोपवायचा नाही. `seq` हा सर्व्हर देतो तो क्रमांक. तो रिकामा असेल तर नोंद अजून पोचलेली नाही असं समजायचं. त्यामुळे पाठवायच्या नोंदींची वेगळी यादी ठेवावी लागत नाही. `seq IS NULL` असलेल्या सगळ्या ओळी म्हणजेच ती यादी.

फोनमध्ये नोंद लिहिताना एक बारकावा आहे आणि तो या जागेशी थेट जोडलेला आहे. थंडीत लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि बऱ्यापैकी चार्ज असलेला फोनही अचानक बंद पडू शकतो. एसक्यूलाइट `WAL` पद्धतीत आणि `synchronous = NORMAL` वर चालत असेल, तर वीज गेल्यावर फाइल खराब होत नाही, पण अगदी शेवटची, 'जतन झाली' असं सांगून झालेली नोंद उडू शकते. म्हणून डेटाबेस उघडल्यावर प्रत्येक जोडणीवर हे सांगावं:

```sql
PRAGMA synchronous = FULL;
```

लिहिणं किंचित हळू होतं. मिनिटाला पाच-दहा नोंदींच्या कामात ते जाणवतही नाही. 'जतन झाली' ही खूण फोनमध्ये लिहून झाल्यावरच दाखवावी, पण तिच्याजवळ 'पाठवायच्या बाकी: ७' असा आकडाही सतत दिसू द्यावा. अ‍ॅप काढून टाकलं किंवा त्याचा डेटा पुसला, तर या सात नोंदी जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. तो आकडा शून्य होईपर्यंत लॉगआउट अडवलेलं बरं.

आता दाराकडे येऊ. माल काढायला दार उघडलं, फोनला एक कांडी रेंज आली. अ‍ॅपने '-१२' ही नोंद पाठवली, सर्व्हरने ती लिहून घेतली आणि 'मिळाली' असं उत्तर धाडलं. तेवढ्यात दार लागलं. उत्तर फोनपर्यंत आलंच नाही.

फोनच्या बाजूने पाहिलं तर दोन शक्यता अगदी सारख्या दिसतात. एक म्हणजे नोंद गेलीच नाही, दुसरी म्हणजे नोंद गेली पण पोचपावती वाटेत हरवली. आतून यांतला फरक ओळखायचा कोणताही मार्ग नाही. पुन्हा पाठवली नाही तर नोंद हरवण्याची भीती, पुन्हा पाठवली तर १२ च्या २४ पेट्या होण्याची. सिंकमधल्या न सापडणाऱ्या बऱ्याच चुका इथूनच येतात, कारण रेंज स्थिर असलेल्या ऑफिसात बसून हा प्रसंग घडतच नाही.

सुटका अशी, की नोंदीला तिचा ओळखक्रमांक फोनवरच, ती जन्मताना द्यायचा आणि पुन्हा पाठवताना तोच ठेवायचा. १, २, ३ असे क्रमांक चालणार नाहीत, कारण दोन फोन आपापल्या ५७ व्या नोंदीला ५७ च म्हणतील. त्यासाठी यूयूआयडी वापरतात. त्याच्या चौथ्या प्रकारात १२२ बिट यादृच्छिक असतात, दोन फोनवर तोच आकडा निघण्याची शक्यता व्यवहारात शून्य. सर्व्हरवर मग एवढंच:

```sql
INSERT INTO movement (id, lot, qty, made_at, seq)
VALUES ($1, $2, $3, $4, $5)
ON CONFLICT (id) DO NOTHING;
```

तीच नोंद दहा वेळा आली तरी एकदाच लिहिली जाते. मात्र दुसऱ्या वेळी सर्व्हरने 'ही आधीच आहे' अशी चूक कळवू नये. फोन ते अपयश समजून पाठवतच राहील आणि 'बाकी: ७' चा आकडा कधी उतरणार नाही. दुसऱ्या वेळीही उत्तर यशाचंच हवं आणि त्यात पहिल्या वेळी दिलेला `seq` हवा.

कधी पाठवायचं, हे अँड्रॉइडवर `WorkManager` ला सांगता येतं. नेटवर्क असेल तेव्हाच चालव, फसलं तर थांबून पुन्हा कर. मुळात ही थांबण्याची वेळ ३० सेकंदांची असते, ती दर अपयशाला वाढत जाते आणि तिची कमाल मर्यादा ५ तासांची आहे. दाराजवळच्या अर्धवट रेंजमध्ये चार-सहा प्रयत्न फसले, की माणूस धक्क्यावर पूर्ण रेंजमध्ये उभा असतो आणि अ‍ॅप मात्र आपली पाळी यायची वाट पाहत बसतं. म्हणून अ‍ॅप पडद्यावर आलं किंवा नवी नोंद झाली की जुनी प्रतीक्षा रद्द करून लगेच एक प्रयत्न करावा.

पाठवणं झालं, आता आणणं. दुसऱ्या फोनच्या नोंदीही आपल्याकडे यायला हव्यात. फोन सर्व्हरला विचारतो, 'मी ८४१२ पर्यंत वाचलंय, पुढचं दे.' या खुणेच्या आकड्यात दोन चुका हमखास होतात.

पहिली फोनवरची. ही खूण वेगळी न ठेवता `MAX(seq)` काढून वापरतात. समजा आपण आत्ताच पाठवलेल्या नोंदीला ८४२० मिळाला. `MAX(seq)` झाला ८४२०, आणि दुसऱ्या फोनच्या ८४१३ ते ८४१९ या नोंदी आपण कधीच मागणार नाही. खूण वेगळ्या टेबलात ठेवावी, ती फक्त आणलेल्या नोंदींनी पुढे सरकवावी, आणि नोंदी व खूण एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहाव्यात. आणताना आपलीच ८४२० परत येईल, पण तिचा `id` तोच असल्याने ती दोनदा मोजली जात नाही.

दुसरी चूक सर्व्हरवरची आणि जास्त लपलेली. डेटाबेसचा आपोआप वाढणारा क्रमांक नोंद पक्की होण्याआधीच वाटला जातो. ८४१३ मिळालेलं काम रेंगाळलं आणि ८४१४ आधी पक्कं झालं, तर मधल्या क्षणी विचारणाऱ्या फोनला फक्त ८४१४ दिसतो. त्याची खूण पुढे जाते, ८४१३ कायमचा सुटतो. एका फोनवर १२३ आणि दुसऱ्यावर १३५ असं दिवसेंदिवस दिसत राहिलं, तर आधी इथे पाहावं. उपाय म्हणजे गोदामामागे एकच काउंटरची ओळ ठेवायची आणि नोंद लिहिणाऱ्या त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती वाढवायची:

```sql
UPDATE counter SET last = last + 1
WHERE godown = $1 RETURNING last;
```

पहिलं काम पक्कं होईपर्यंत ही ओळ कुलूपबंद राहते, दुसऱ्याला थांबावं लागतं, म्हणून क्रमांक वाटप आणि पक्कं होणं एकाच क्रमाने घडतं. `ON CONFLICT` मुळे नोंद लिहिली गेली नाही तर काउंटर उगीच पुढे जातो आणि मधे क्रमांक रिकामा राहतो. त्याने काही बिघडत नाही, फोन 'यापुढचं' एवढंच विचारत असतो.

चाचणीसाठी एअरप्लेन मोड पुरत नाही, कारण तो पाठवण्याआधीच जोडणी तोडतो. लागलेल्या दाराची नक्कल करायची तर चाचणीच्या सर्व्हरवर नोंद लिहून झाल्यावर उत्तर २० सेकंद अडवून ठेवा आणि अ‍ॅपची वाट पाहण्याची मर्यादा १० सेकंद ठेवा. अ‍ॅप हार मानेल, पुन्हा पाठवेल. मग अडवणूक काढा. शेवटी सर्व्हरवर त्या `id` ची एकच ओळ आणि दोन्ही फोनवर १२३ दिसले पाहिजेत.

एवढं सगळं नीट झाल्यावरही एक प्रसंग उरतो. संध्याकाळी K-27 च्या ८ पेट्या शिल्लक आहेत. एका खोलीतून ६ ची नोंद झाली, दुसरीतून ५ ची, दोन्ही रेंजशिवाय. बेरीज -३. सर्व्हरने दुसरी नोंद नाकारावी असा मोह होतो, पण पेट्या तोवर टेम्पोत चढून गेलेल्या असतात. नाकारल्याने त्या परत येत नाहीत, फक्त नोंद हरवते. शिल्लक उणे होऊ शकत नाही, म्हणजे कुठेतरी माणसाची चूक आहे. लॉट चुकला असेल, आकडा चुकला असेल किंवा आवकेच्या ३ पेट्या लिहायच्या राहिल्या असतील. यांतलं काय घडलं हे कोणताही प्रोग्रॅम ठरवू शकत नाही. नोंद स्वीकारावी, लॉट लाल रंगात दाखवावा, आणि कोणीतरी खोलीत जाऊन मोजावं. मोजणीत चूक सापडली की जुनी ओळ खोडायची नाही, दुरुस्तीची नवी ओळ लिहायची, तिच्या स्वतःच्या `id` सह.