अवकाश कचरा

पृथ्वीभोवती फिरत राहिलेल्या निकामी मानवनिर्मित वस्तूंना अवकाश कचरा म्हणतात. बंद पडलेले उपग्रह, अग्निबाणांचे रिकामे टप्पे आणि स्फोटांतून किंवा टकरींतून उडालेले तुकडे यांत मोडतात. हा कचरा किती काळ त्रास देईल, हे त्याच्या आकारापेक्षा उंचीवर अधिक अवलंबून असते. ४०० किमी उंचीवर विरळ का होईना, हवा असते. तिच्या घर्षणाने वस्तू एक-दोन वर्षांत खाली येऊन जळते. ८०० किमीवर तोच प्रवास शंभर वर्षांहून जास्त चालतो. म्हणून साधारण ७५० ते ९०० किमीचा पट्टा सर्वांत बिकट समजला जातो.

याच पट्ट्यात, सैबेरियावर सुमारे ७९० किमी उंचीवर, १० फेब्रुवारी २००९ रोजी चालू स्थितीतला अमेरिकी दूरसंचार उपग्रह इरिडियम-३३ आणि बरीच वर्षे बंद असलेला रशियाचा उपग्रह कॉसमॉस-२२५१ एकमेकांवर आदळले. दोन अखंड उपग्रहांची ही पहिलीच टक्कर. सापेक्ष वेग सेकंदाला ११ किमीहून जास्त होता. धोका कोणाच्याच लक्षात आला नव्हता असे नाही. सार्वजनिक गणनेनुसार दोघे एकमेकांपासून ५८४ मीटरवरून जाणार होते, पण त्या आठवड्यात याहून जवळून जाणाऱ्या जोड्या यादीत शंभरावर होत्या. कक्षांच्या मोजमापातली चूकच त्या अंतराएवढी असू शकत असल्याने यादीतल्या प्रत्येक नोंदीसाठी उपग्रह हलवणे परवडणारे नव्हते. टकरीतून नोंद ठेवण्याजोगे दोन हजारांवर तुकडे उडाले.

अशा तुकड्यांपासून पुढे काय होऊ शकते, हे नासाचे शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलर व बर्टन कूर-पालेस यांनी १९७८ मध्येच मांडले होते. सेकंदाला १० किमी वेगाने येणाऱ्या एक किलोच्या तुकड्यात ५ कोटी ज्यूल ऊर्जा असते. उपग्रहाच्या दर ग्रॅमामागे ४० ज्यूल ऊर्जा आदळली तर तो नुसता भोकसला जात नाही, त्याचे पूर्ण तुकडे होतात, असा ठोकताळा आहे. एक टनाच्या उपग्रहासाठी हा हिशेब ४ कोटी ज्यूलचा होतो, म्हणजे किलोभराहून लहान तुकडाही पुरतो. त्यातून असेच अनेक तुकडे निघतात आणि त्यांपैकी एखादा पुढच्या उपग्रहाला गाठतो. नवे तुकडे तयार होण्याचा वेग हवेच्या घर्षणाने ते साफ होण्याच्या वेगापेक्षा वाढला, की नवीन प्रक्षेपणे थांबवली तरी संख्या चढत राहते. यालाच केसलर सिंड्रोम म्हणतात. चित्रपटांत दाखवतात तसे हे तासाभरात घडत नाही. दोन टकरींमध्ये वर्षे जातात आणि साखळी उलगडायला दशके लागतात. या साखळीला खाद्य पुरवतात ते मोठे, अखंड, मृत उपग्रह. म्हणून काम संपलेला उपग्रह हाती आहे तोवरच खाली आणणे महत्त्वाचे.

ते कसे करतात, याचे चांगले उदाहरण मेघा-ट्रॉपिक्स-१ हे आहे. इस्रो आणि फ्रान्सच्या अवकाश संस्थेचा हा सुमारे १००० किलोचा हवामान उपग्रह २०११ मध्ये ८६७ किमीवर सोडण्यात आला. काम संपले तेव्हा त्यात सुमारे १२५ किलो इंधन उरले होते. उपग्रह खाली आणायचा म्हणजे त्याला थांबवायचे नसते. सेकंदाला ७.४ किमी वेगातून जेमतेम ०.२ किमी कमी केला, की कक्षेचा पृथ्वीजवळचा टोकबिंदू, म्हणजे उपभू, दाट हवेत शिरतो आणि उरलेले काम हवा करते. ऑगस्ट २०२२ पासून टप्प्याटप्प्याने उपभू खाली ओढण्यात आला. ७ मार्च २०२३ रोजी शेवटच्या दोन प्रज्वलनांत ११ न्यूटनचे चार थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिने, प्रत्येक वेळी सुमारे २० मिनिटे चालले. चौघांचा मिळून जोर साडेचार किलोच्या वजनाएवढा! त्याने उपभू ८० किमीच्या खाली गेला आणि उपग्रह पॅसिफिकवर जळाला.

अडचण जागेची होती. असे उपग्रह सहसा दक्षिण पॅसिफिकच्या निर्मनुष्य भागात उतरवतात, पण या उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी फक्त २० अंशांनी कललेली असल्याने तो त्याहून दक्षिणेला जातच नव्हता. म्हणून ५ ते १४ अंश दक्षिणेचा सागरी पट्टा निवडावा लागला. शिवाय वातावरणात नियंत्रित पुनःप्रवेशासाठी तो मुळात बांधलेलाच नव्हता. थ्रस्टर सलग किती वेळ चालवायचे यावर मर्यादा होती, आणि खाली येताना माणसे असलेल्या अवकाश स्थानकांच्या वाटेत न येण्याची काळजीही घ्यावी लागली.

सगळ्यांकडे एवढे इंधन उरत नाही. कार्टोसॅट-२ ने २६ किलो इंधनात आपला उपभू ६३५ वरून ३८० किमीवर आणला आणि पुढचे घर्षणावर सोडले. आपोआप यायला सुमारे ३० वर्षे लागली असती; तो फेब्रुवारी २०२४ मध्ये हिंदी महासागरावर जळाला. भूस्थिर कक्षेतले, ३६,००० किमीवरचे उपग्रह मात्र खाली आणणे परवडत नाही. ते सुमारे ३०० किमी वर ढकलून स्मशान कक्षेत ठेवतात. दोन्ही ठिकाणी, शक्य असेल तर, टाक्या रिकाम्या करून बॅटऱ्यांतली वीजही संपवतात, कारण कित्येक तुकडे टकरीतून नव्हे तर सोडून दिलेल्या टप्प्यांत उरलेल्या इंधनाच्या स्फोटातून आले आहेत.

काम संपल्यावर २५ वर्षांत कक्षा मोकळी करावी, हा जुना संकेत होता. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२२ मध्ये आपल्या परवान्यांसाठी तो ५ वर्षांवर आणला. दोन्ही मुदती उपग्रहाने आज्ञा ऐकावी, हे गृहीत धरतात. कॉसमॉस-२२५१ सारख्या मुक्या वस्तूंना त्या लागू करता येत नाहीत.