एन्ट्रॉपी: फिजिक्समधली आणि बोलण्यातली

एन्ट्रॉपी ही तापमान किंवा घनफळासारखीच पदार्थाची एक मोजता येणारी राशी आहे. तिचं एकक जूल प्रति केल्विन, आणि तिला हे नाव दिलं रुडॉल्फ क्लॉसियस या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने, १८६५ मध्ये. बोलण्यात मात्र हा शब्द पसारा, गोंधळ, अव्यवस्था, हळूहळू सगळं बिघडत जाणं अशा कशालाही लावला जातो, म्हणजे दोन दिवस घर आवरलं नाही की एन्ट्रॉपी वाढली, कंपनीत कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही की एन्ट्रॉपी वाढली, आणि वर "हा तर निसर्गनियमच आहे" असंही म्हटलं जातं. शब्द अलंकारिक अर्थाने वापरायला काहीच हरकत नाही. पण त्याच्यामागे थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम, म्हणजे आपोआप घडणाऱ्या बदलात सगळ्यांची मिळून एकूण एन्ट्रॉपी कमी होत नाही हा नियम, उभा केला की ते चुकीचं होतं, आणि नेमकं कुठे चुकतं ते आकडे मांडल्याशिवाय दिसत नाही.

क्लॉसियसची व्याख्या, १०० ग्रॅम बर्फावर

क्लॉसियसने सांगितलेला हिशोब साधा आहे: एखाद्या वस्तूत हळूहळू, समतोल न ढळता जेवढी उष्णता गेली तिला त्या वेळच्या केल्विनमधल्या तापमानाने भागायचं, येईल तेवढी त्या वस्तूची एन्ट्रॉपी वाढली, आणि उष्णता बाहेर गेली असेल तर तेवढी कमी झाली. तापमान सेल्सियसमध्ये घेतलं की सगळं उत्तर चुकतं, विद्यार्थ्यांची हमखास चूक इथेच होते.

आता ३० अंश सेल्सियसच्या खोलीत शून्य अंशाचा १०० ग्रॅम बर्फ ठेवला. एक ग्रॅम बर्फ वितळायला साधारण ३३४ जूल लागतात, म्हणजे एकूण ३३,४०० जूल खोलीतल्या हवेतून आणि भिंतीतून बर्फात जाणार. बर्फ वितळताना २७३ केल्विनलाच राहतो, म्हणून त्याची एन्ट्रॉपी ३३,४०० भागिले २७३, सुमारे १२२ जूल प्रति केल्विन एवढी वाढते. खोलीने तेवढीच उष्णता गमावली, पण तिचं तापमान ३०३ केल्विन, त्यामुळे तिची एन्ट्रॉपी फक्त ११० ने कमी होते. दोन्हीची बेरीज केली की १२ जूल प्रति केल्विन शिल्लक राहते, म्हणजे एकूण एन्ट्रॉपी वाढली आणि म्हणून बर्फ वितळतो. उष्णता तीच, पण कमी तापमानाच्या वस्तूत ती शिरली की एन्ट्रॉपीची भर मोठी पडते, दुसऱ्या नियमाचं सगळं बळ या भागाकारात आहे.

हाच बर्फ उणे ५ अंशाच्या खोलीत ठेवला तर? वितळण्यासाठी तो जी उष्णता घेईल तिच्यामुळे खोलीची एन्ट्रॉपी जास्त कमी होईल आणि बर्फाची त्यामानाने कमी वाढेल, बेरीज उणे २ च्या आसपास येते, म्हणून तो वितळतच नाही. उलट त्या खोलीत उणे ५ अंशाचं पाणी असेल तर ते गोठतं आणि गोठताना एकूण एन्ट्रॉपी २ ने वाढते. म्हणजे विस्कळीत द्रवापासून नीट रचलेला स्फटिक तयार होतोय आणि तरी एन्ट्रॉपी वाढतेय! एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, एवढंच धरून बसलं तर हे समजायला मार्ग राहत नाही. पाण्याची एन्ट्रॉपी खरंच कमी झाली, पण गोठताना बाहेर पडलेल्या उष्णतेने खोलीची त्याहून जास्त वाढवली, आणि नियम बेरजेला लागू आहे, एकट्या पाण्याला नाही.

बोल्ट्झमनचा अर्थ: किती प्रकारे

क्लॉसियसच्या व्याख्येत अणूंचा उल्लेखही नाही. अणूंपर्यंत अर्थ पोचवला व्हिएन्नाच्या लुडविग बोल्ट्झमनने. बाहेरून मोजता येणारी स्थिती, म्हणजे तापमान, घनफळ, ऊर्जा वगैरे, तीच राहून आतले रेणू किती वेगवेगळ्या प्रकारे असू शकतात, त्या प्रकारांची संख्या W, एन्ट्रॉपी S, आणि

S = k ln W

हे समीकरण व्हिएन्नातल्या त्याच्या थडग्यावर कोरलेलं आहे (तिथे ln च्या जागी log आहे), आणि या स्वरूपात ते प्रथम मॅक्स प्लांकने लिहिलं. k ला बोल्ट्झमन स्थिरांक म्हणतात, किंमत 1.380649 × 10⁻²³ J/K, म्हणजे विलक्षण छोटी.

वरचे १२ जूल प्रति केल्विन या सूत्रात टाकून बघा. बर्फ वितळल्यावर बर्फ आणि खोली मिळून W जितक्या पटीने वाढतो तो आकडा लिहायचा तर १ वर जेवढी शून्यं द्यावी लागतील त्या शून्यांची संख्याच ३८ वर २२ शून्यं एवढी होते. शून्यांची संख्या एवढी, मग मूळ आकडा किती असेल! दुसरा नियम कधी मोडलेला का दिसत नाही याचं उत्तर इथे आहे. वितळलेलं पाणी ३० अंशाच्या खोलीला उष्णता देऊन आपोआप परत गोठेल याला तत्त्वतः बंदी नाही, पण तशा मांडण्या बाकीच्यांच्या तुलनेत इतक्या कमी आहेत की कुणालाही ते बघायला मिळणार नाही.

इथे मोजणी ज्याची होते ते म्हणजे ऊर्जा रेणूंमध्ये कशी वाटली गेली आणि रेणू कुठे कुठे असू शकतात. डोळ्याला ते नीटनेटकं दिसतं की नाही याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. नुसत्या रेणूंच्या जागा बघून "अव्यवस्था" ठरवायची सवय लागली की अर्धा हिशोब सुटतो, तो ऊर्जेचा.

याचं हातात धरून बघता येईल असं उदाहरण म्हणजे सोडियम ऍसिटेटचे शेकायचे पाऊच. आत स्वच्छ द्रव असतो, त्यातली धातूची चकती टचकन वाकवली की त्या जागेपासून पांढरे स्फटिक सुटतात आणि काही सेकंदात सगळा पाऊच घट्ट होऊन पन्नास अंशाच्या वर तापतो. तो थर्मासमध्ये बंद ठेवून, म्हणजे बाहेर जवळजवळ उष्णता जाऊ न देता केला तरी हेच होतं. रचना नीट झाली तेवढी एन्ट्रॉपी कमी झाली खरी, पण सुटलेली उष्णता आतल्याच रेणूंच्या हालचालीत पसरली, आणि ती वाढ जास्त भरते.

मग पसरलेली खोली?

समजा पत्त्यांचा कॅट क्रमाने लावलेला आहे आणि तो पिसला. ५२ पत्त्यांचे क्रम ८ वर ६७ शून्यं एवढे होतात, प्रचंड वाटतात. त्याचा लॉगरिदम घेऊन k ने गुणलं की येतात जेमतेम 2.2 × 10⁻²¹ J/K. बर्फाच्या १२ च्या शेजारी हा आकडा ठेवला तर ५ वर २१ शून्यं एवढ्या पटीने छोटा आहे. कपडे, पुस्तकं, भांडी यांचंही तेच, वस्तू फार तर काही हजार असतात, रेणू १० वर २० पेक्षा जास्त शून्यं एवढे.

आणि खरं तर एवढीही वाढ मोजायची का, हाच प्रश्न आहे. पिसलेल्या कॅटचा क्रम पाहून लिहून ठेवला तर तो एकच क्रम आहे, क्रमाने लावलेल्यासारखाच. त्याला अस्ताव्यस्त आपण म्हणतो, पत्त्यांना फरक पडत नाही. शिवाय रेणू तापमानामुळे स्वतः सतत धक्के खात नव्या मांडण्या घेत राहतात, पत्ते तसे हलत नाहीत. घर बंद करून महिनाभर गावी गेलं तर परत आल्यावर धूळ बसलेली असते, पण खुर्चीवरचा शर्ट खुर्चीवरच असतो. पसारा माणसं करतात, दुसरा नियम नाही. अमेरिकेतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक लॅम्बर्ट यांनी १९९९ पासून नेमका हाच मुद्दा लावून धरला, आणि त्यानंतर बऱ्याच रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी अव्यवस्थेची व्याख्या काढून ऊर्जा पसरण्याची भाषा घेतली. मला तो बदल योग्य वाटतो. पसरलेल्या खोलीचं उदाहरण मुलांना पटकन पटतं, पण पुढे गोठणारं पाणी आलं की तेच आडवं येतं.

उलटा हिशोब तर अजून बघण्यासारखा आहे. अर्धा तास खोली आवरणारा माणूस साधारण २०० वॅटने उष्णता टाकत असेल, म्हणजे ३,६०,००० जूल, आणि ३०३ ने भागल्यावर सुमारे १,२०० जूल प्रति केल्विन. खोली लख्ख होते आणि एन्ट्रॉपी १,२०० ने वाढलेली असते. पसरली असती तरी वाढलीच असती.

"एन्ट्रॉपी नेहमी वाढते"

हे वाक्य अर्धं आहे. पूर्ण वाक्यात "बाहेरून ऊर्जा किंवा पदार्थ येत-जात नसलेल्या व्यवस्थेची" असं यायला पाहिजे, आणि "वाढते" ऐवजी "कमी होत नाही". ही अट गाळली की लोक म्हणतात सजीव एवढे गुंतागुंतीचे, मग उत्क्रांती दुसऱ्या नियमाच्या विरोधात जाते. पृथ्वी अशी बंद नाहीये. तिला ऊर्जा मिळते सुमारे ५,८०० केल्विन तापमानाच्या सूर्याकडून आणि जवळपास तेवढीच ती सरासरी २५५ केल्विनच्या किरणांनी अवकाशात टाकते. परत तोच भागाकार, तेवढीच ऊर्जा पण भाजक वीसपटीहून लहान, त्यामुळे बाहेर जाणारी एन्ट्रॉपी येणारीपेक्षा वीसपटीहून जास्त. झाड, मुंगी, माणूस यांच्यात जी रचना उभी राहते तिचा हिशोब या फरकात सहज बसतो. फ्रीजर पाणी गोठवतो तेव्हा हेच होतं, फक्त उष्णता मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात येते.

फिजिक्सच्या बाहेरचा पण नेमका अर्थ

फिजिक्सच्या बाहेरचा प्रत्येक वापर ढिला असतो असं मात्र नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशातली अनिश्चितता मोजायला तशाच रूपाचं सूत्र मांडलं आणि त्याला एन्ट्रॉपीच म्हटलं. एकक बिट. पासवर्डची एन्ट्रॉपी ४० बिट म्हणतात तेव्हा निवड खरोखर यदृच्छेने झाली असेल तर तो २ चा ४० वा घात एवढ्या सारख्याच शक्यतांमधून निवडलेला असतो, यात काहीच मोघम नाही. क्रमाने लावलेला कॅट आणि पिसलेला कॅट यातला फरकही इथेच नीट सांगता येतो, तो साधारण २२६ बिटचा आहे, आणि तो पत्त्यांमध्ये नसून बघणाऱ्याला क्रम माहीत आहे की नाही यात आहे.